रविवारचा रस्सा बुधवारी चालेल का?

रविवारी दुपारी मुलगा, सून आणि नातवंडे जेवायला येणार म्हणून किलोभर मटणाचा रस्सा होतो. हात आखडून स्वयंपाक करण्याची आपल्याकडे रीत नाही. त्यामुळे पंगत उठल्यावर पातेल्यात जवळजवळ निम्मा रस्सा उरलेलाच असतो. संध्याकाळी मंडळी परततात आणि घरात दोन वृद्ध माणसे व तो रस्सा एवढेच मागे राहतात. सोमवार शंकराचा आणि मंगळवार गणपतीचा, म्हणून अनेक घरांत त्या दिवशी सामिष खाल्ले जात नाही. रस्सा फ्रिजमध्ये वाट पाहत बसतो. बुधवारी दुपारी आजी पातेले बाहेर काढतात, झाकण उघडून वास घेतात, बोटाने चव पाहतात आणि म्हणतात, ‘चांगला आहे. उलट मुरला आहे.’ गुरुवार दत्ताचा असल्याने त्यातूनही उरलेला रस्सा शुक्रवारपर्यंत थांबतो.

आपल्या घरांतील हा नित्याचा क्रम पाहिला, तर ‘मांसाचा रस्सा फ्रिजमध्ये किती दिवस टिकतो’ हा प्रश्न साधा राहत नाही. रविवार आणि बुधवार यांच्यातील अंतर नेमके त्या मर्यादेवर येऊन थांबते.

थोडक्यात उत्तर

नीट शिजवलेला, वेळेत थंड केलेला आणि चार ते पाच अंश सेल्सिअसवर ठेवलेला मांसाचा रस्सा तीन ते चार दिवसांत संपवावा, असे अमेरिकेच्या कृषी विभागाचे मार्गदर्शन सांगते. ब्रिटनच्या अन्नमानक यंत्रणेचा सल्ला अधिक कडक आहे. उरलेले अन्न तेथे ४८ तासांत संपवायला सांगितले जाते. निरोगी प्रौढांच्या घरात तिसऱ्या दिवसापर्यंत जाण्यास हरकत नाही. मात्र ज्या घरात सत्तरीपुढील व्यक्ती, मूत्रपिंडाचा रुग्ण, कर्करोगावर उपचार घेणारी व्यक्ती किंवा गर्भवती स्त्री आहे, तेथे दोन दिवसांची मर्यादा पाळणे शहाणपणाचे होय. दोन दिवसांत जो संपणार नाही, तो पहिल्याच दिवशी गोठवावा.

ही मोजणी कोठून सुरू होते, हे मात्र बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. पातेले फ्रिजमध्ये गेले तेव्हापासून नव्हे, तर गॅस बंद झाला तेव्हापासून दिवस मोजावयाचे असतात. रविवारी दुपारी बारा वाजता उतरवलेल्या रश्शाचे दोन दिवस मंगळवारी दुपारी बारा वाजता पूर्ण होतात. बुधवारच्या जेवणापर्यंत त्याला ७२ तास झालेले असतात आणि शुक्रवारच्या जेवणापर्यंत १२० तास.

पहिले दोन तास

रस्सा फ्रिजमध्ये बिघडण्यापेक्षा फ्रिजबाहेर बिघडण्याची शक्यता अधिक असते, आणि तीही पहिल्या दुपारीच. मांस उकळले की त्यातील जिवंत जिवाणू मरतात, हे खरे आहे. परंतु क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाचा एक जिवाणू संकटकाळी स्वतःभोवती टणक कवच निर्माण करतो. या अवस्थेला बीजाणू म्हणतात. मांसात तो अनेकदा असतो आणि त्याचे बीजाणू उकळीतूनही वाचतात. रस्सा निवत पन्नास अंशांच्या खाली आला की ते पुन्हा जागे होतात. चाळीस ते पंचेचाळीस अंशांच्या ऊबदार रश्शात, परिस्थिती अनुकूल असेल तर, दर दहा मिनिटांच्या आसपास त्यांची संख्या दुप्पट होऊ शकते. या हिशेबाने एका जिवाणूचे तीन तासांत अडीच लाखांहून अधिक जिवाणू होतात.

आता आपल्या पातेल्याकडे पाहा. उंच, जाड बुडाचे, झाकण घातलेले आणि वर तर्रीचा थर आलेले असे ते असते. ‘वर तेल आहे, म्हणजे टिकेल’ असा समज पुष्कळ घरांत आहे. तेलाचा थर हवा अडवतो हे बरोबर, पण परफ्रिंजन्सला हवा नकोच असते. शिवाय तो थर उष्णताही आत कोंडतो. त्यामुळे ओट्यावर राहिलेले पातेले संध्याकाळपर्यंत मध्यभागी कोमटच असते. झाकण बंद असलेल्या कुकरची गतही तीच होते.

म्हणून नियम असा की गॅस बंद केल्यापासून दोन तासांच्या आत उरलेला रस्सा फ्रिजमध्ये गेला पाहिजे. स्वयंपाकघरातील तापमान ३२ अंशांच्या वर असेल, तर ही मुदत एकाच तासाची समजावी. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भात, मराठवाड्यात किंवा पुण्यातही ही अट जवळजवळ रोजच लागू पडते.

वेळेत थंड करण्याची युक्ती उंची कमी करण्यात आहे. जेवणे चालू असतानाच उरणार असलेला रस्सा पसरट डब्यांत काढावा. डब्यातील रश्शाची उंची पाच सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण तीन बोटांपेक्षा, अधिक नसावी. थर निम्मा केला की थंड होण्याचा वेळ निम्म्याहून पुष्कळ कमी होतो. हे डबे गार पाणी व बर्फ घातलेल्या परातीत ठेवून स्वच्छ डावाने मधूनमधून ढवळावेत. वाफ थांबून डबा हाताला कोमट लागू लागला की तो फ्रिजमध्ये ठेवण्यास हरकत नाही. पूर्ण गार होण्याची वाट पाहू नये. गरम पदार्थाने फ्रिज बिघडतो ही भीती उकळत्या, भरलेल्या पातेल्याबाबत रास्त आहे, कारण त्याने शेजारचे दूधही तापते. पसरट डब्यातील कोमट रश्शाला ती लागू नाही.

जर रस्सा दुपारपासून संध्याकाळी सहापर्यंत बाहेरच राहिला असेल, तर पुढे दिवस मोजण्याचा प्रश्नच उरत नाही. तो टाकून द्यावा. फ्रिज वाढ मंद करतो, झालेली वाढ मागे घेत नाही.

फ्रिजमध्ये काय घडते

चार अंशांवर परफ्रिंजन्सची वाढ थांबते. मग तीन-चार दिवसांची मर्यादा कशासाठी, असे कोणीही विचारील. त्याचे एक कारण असे की थंडीतही वाढणारे काही जिवाणू आहेत. त्यांपैकी लिस्टेरिया हा वृद्धांच्या दृष्टीने सर्वांत गंभीर होय. शिजवताना तो मरतो, पण नंतर डावातून, हातातून किंवा वरच्या कप्प्यातून ठिबकलेल्या कच्च्या मांसाच्या पाण्यातून तो पुन्हा रश्शात येऊ शकतो आणि हळूहळू वाढत राहतो. निरोगी तरुणाला त्यापासून बहुधा फारसा त्रास होत नाही, पण उतारवयात तो रक्तात आणि मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचू शकतो.

दुसरे कारण आपल्या फ्रिजचे आहे. दिवसातून वीस वेळा उघडणारा, खचाखच भरलेला, रबराची पट्टी सैल झालेला फ्रिज चार अंशांवर राहत नाही. आतील चकतीवरचे आकडे म्हणजे अंश नव्हेत. बहुतेक फ्रिजमध्ये मोठा आकडा म्हणजे अधिक थंडी एवढाच त्यांचा अर्थ असतो. खात्री करायची असेल, तर फ्रिजसाठी मिळणारा साधा तापमापक पाण्याच्या पेल्यात ठेवून तो पेला रात्रभर मधल्या कप्प्यात ठेवावा आणि सकाळी दार उघडताच आकडा वाचावा. पाच अंशांहून अधिक भरला, तर चकती पुढे सरकवावी. रश्शाचा डबा दाराच्या कप्प्यात कधीही ठेवू नये, कारण तेथे सर्वाधिक चढउतार होतात. त्याची जागा मधल्या कप्प्यात, मागच्या बाजूला असते. कच्चे मांस नेहमी त्याच्या खाली ठेवावे.

वृद्धांसाठी मर्यादा आखूड ठेवण्याचे कारण शरीराच्या बदलांत आहे. वयानुसार प्रतिकारशक्ती मंदावते. जठरातील आम्ल हा जिवाणूंविरुद्धचा पहिला पहारेकरी, पण अनेक ज्येष्ठ आम्लपित्तासाठी रोज ते आम्ल कमी करणारी गोळी घेत असतात. त्यात जुलाब-उलट्या झाल्या की शरीरातील पाणी लवकर कमी होते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारे औषध चालू असेल, तर ते आणखी वेगाने घटते. तरुण मुलाला जी एक त्रासदायक रात्र वाटेल, ती आजोबांना रुग्णालयात नेऊ शकते.

नाक आणि उकळी यांच्या मर्यादा

बुधवारी आजींनी वास घेतला आणि चव पाहिली, ती पिढ्यान्‌पिढ्यांची परीक्षा होती. ती निरुपयोगी नाही, पण एकतर्फी आहे. आंबूस वास, बुडबुडे, तार सुटणे किंवा बुरशी दिसली तर रस्सा नक्कीच बिघडलेला आहे. नारळाच्या वाटणाच्या मालवणी रश्शात हा आंबूसपणा लवकर कळतो. परंतु आजार निर्माण करणारे जिवाणू पुष्कळदा वास, रंग वा चव यांत काहीच बदल करत नाहीत. म्हणून चांगला वास हा सुरक्षिततेचा दाखला ठरत नाही. त्यातून वयोमानाने गंधाची जाणही कमी होते आणि गरम मसाला, लसूण व सुके खोबरे तर सौम्य वास सहज झाकून टाकतात. चव घेऊन पाहणे हे तर धोक्याचेच.

‘उकळी काढली की सर्व मरते’ हा दुसरा विश्वास. फ्रिज नसलेल्या काळात गावाकडे रस्सा सकाळ-संध्याकाळ उकळून ठेवत, आणि त्यामागे अनुभव होता. प्रत्येक उकळीने मधल्या वेळेत वाढलेले जिवाणू मारले जात. पण दोन गोष्टी उकळीला दाद देत नाहीत. एक म्हणजे बीजाणू, जे पुढच्या निवण्यात पुन्हा जागे होतात. दुसरी म्हणजे काही जिवाणूंनी आधीच सोडलेले विष. आपल्या हातांच्या त्वचेवर आणि नाकात असणारा स्टॅफिलोकोकस हा जिवाणू बाहेर राहिलेल्या अन्नात असे विष तयार करतो. नंतर कितीही उकळले तरी ते नष्ट होत नाही. जिवाणू मरतो, विष राहते. म्हणून उकळी हा चुकलेल्या साठवणीवरचा उपाय नव्हे. आणि उकळल्याने दिवसांची मोजणी नव्याने सुरूही होत नाही.

तरीही नीट ठेवलेला रस्सा खाण्यापूर्वी उकळलाच पाहिजे. खळखळून उकळी आल्यावर दोन-तीन मिनिटे तो तसाच उकळू द्यावा, म्हणजे मोठ्या फोडींचा मध्यही तापतो. वृद्धांना गरम सोसत नाही म्हणून मदतनीस बाई अनेकदा रस्सा नुसता कोमट करून देतात. ही सर्वांत धोक्याची पद्धत आहे. आधी उकळावे, मग ताटात निवू द्यावे. मायक्रोवेव्हमध्ये तापवताना मध्ये एकदा काढून ढवळावे, कारण त्यात कडा तापतात आणि मध्य गारच राहतो. दर वेळी सगळे पातेले तापवून उरलेला रस्सा परत फ्रिजमध्ये ठेवू नये. एका वेळेपुरता वेगळा काढून तेवढाच तापवावा.

गोव्यातील सोरपोतेलासारखे व्हिनेगर घातलेले पदार्थ मुद्दाम काही दिवस आधी करून मुरवतात. व्हिनेगरचे आम्ल जिवाणूंना खरोखरच आवरते. पण घरच्या स्वयंपाकात ते किती पडले, याचे माप नसते. आमसूल किंवा चिंच तर चवीपुरतीच पडते. म्हणून वृद्धांच्या ताटासाठी या पदार्थांनाही वेगळी सवलत देऊ नये.

एका रविवारचा हिशेब

आता आपल्या पहिल्या घराकडे परत येऊ. रविवारी साडेबाराला गॅस बंद झाला. एकला पाने वाढली. किलोभर मटणाच्या रश्शातून सुमारे सव्वा लिटर उरणार, हे आजींना अंदाजाने ठाऊक आहे. वाढप सुरू होण्यापूर्वीच सुनेने तेवढा रस्सा चार पसरट डब्यांत काढला. प्रत्येक डब्यात दोघांना एका जेवणापुरते, म्हणजे सुमारे तीनशे मिलिलिटर. डबे बर्फाच्या पाण्यात बसवले. डबे थंड व ओले असले की चिकटपट्टी बसत नाही, म्हणून औषधाच्या दुकानात मिळते तशी कागदी चिकटपट्टी आधीच लावून तिच्यावर ‘मटण, रविवार’ आणि तारीख लिहिली होती. दोन वाजायच्या आत चारही डबे फ्रिजमध्ये गेले. संध्याकाळी मंडळी निघण्यापूर्वी एक डबा रात्रीच्या जेवणासाठी तेथेच राहिला आणि थंड झालेले उरलेले तीन डबे फ्रीझरमध्ये गेले.

मंगळवारी रात्री आजींनी एक डबा फ्रीझरमधून काढून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ताटलीवर ठेवला. बुधवारी दुपारी तो उकळला आणि दोघांनी संपवला. गोठलेल्या काळात जिवाणूंची वाढ थांबलेली असते, म्हणून तो काळ मोजावयाचा नाही. रविवारचे काही तास आणि मंगळवार रात्रीपासूनचे पंधरा-सोळा तास मिळून या रश्शाचे फ्रिजमधील वय एक दिवसही भरत नाही. तोच रस्सा न गोठवता ठेवला असता, तर त्याला ७२ तास झाले असते. शुक्रवारच्या जेवणासाठी गुरुवारी रात्री दुसरा डबा खाली आला. चौथा डबा सवडीने.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. गोठवण्याने घड्याळ थांबते, मागे जात नाही. चौथ्या दिवशी ‘आता संपत नाही’ म्हणून गोठवलेला रस्सा पुन्हा वितळल्यावर चौथ्या दिवसाचाच असतो. लिस्टेरियासारखे जिवाणू थंडीने मरत नाहीत, नुसते झोपतात. म्हणून गोठवायचे तर पहिल्या दिवशीच. वितळवतानाही डबा ओट्यावर ठेवू नये. बाहेरचा भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि आत बर्फ असतो. घाईच असेल, तर गोठलेला गोळा थेट पातेल्यात मंद आचेवर सोडावा आणि खळखळून उकळावा. एकदा वितळवून तापवलेला रस्सा पुन्हा गोठवू नये.

फ्रीझर कसा आहे, हेही पाहावे

उणे १८ अंशांवर रस्सा दोन-तीन महिने चवीला चांगला राहतो. पुढे तो विषारी होत नाही, पण चरबीला खवट वास येऊ लागतो. मात्र एकदारी जुन्या फ्रिजमधील बर्फाचा कप्पा या तापमानाला पोहोचेलच असे नाही. कप्प्यावर ताऱ्यांची खूण असते. तीन तारे म्हणजे उणे १८ अंश, दोन म्हणजे उणे १२ आणि एक म्हणजे उणे ६. एक तारा असेल तर आठवडाभर, दोन असतील तर फार तर महिनाभर, असा अंदाज धरावा. खूण नसेल, तर आइस्क्रीम दगडासारखे घट्ट राहते का, ते पाहावे. मऊ पडत असेल, तर त्या कप्प्यावर विसंबू नये. अशा घरात रस्साच बेताचा करावा आणि उरलेला पाहुण्यांबरोबर बांधून द्यावा.

डबा काठोकाठ भरू नये. रस्सा गोठताना फुगतो, म्हणून दोन बोटे जागा सोडावी. बटाटे आधी काढून घ्यावेत, कारण वितळल्यावर ते रवाळ लागतात. नारळाचे दूध फुटल्यासारखे दिसले, तर घाबरू नये. उकळताना ढवळले की ते बरेचसे एकजीव होते.

वीज गेली, तर दार बंद ठेवावे. न उघडलेला फ्रिज सुमारे चार तास पुरेसा थंड राहतो. त्याहून अधिक काळ वीज नसेल, तर रस्सा टाकावा. भरलेला, बंद फ्रीझर सुमारे ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास तग धरतो. हा हिशेब वेगळ्या फ्रीझरचा आहे. एकदारी फ्रिजमधल्या लहान कप्प्याकडून ती अपेक्षा करू नये.

त्रास झालाच, तर

परफ्रिंजन्समुळे पोटात कळा आणि जुलाब सहा ते चोवीस तासांत सुरू होतात. स्टॅफिलोकोकसच्या विषाने काही तासांतच उलट्या होतात. घरातील ज्येष्ठाला असे झाले, तर जलसंजीवनीचे पाकीट सांगितलेल्या प्रमाणात पाण्यात विरघळवून घोट घोट द्यावे. जुलाब थांबवणारी गोळी स्वतःहून देऊ नये. रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाची औषधे चालू असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. त्यांतील काही औषधे थोडा काळ थांबवावी लागू शकतात आणि तो निर्णय डॉक्टरांचा असतो. शौचात रक्त, तीव्र ताप, पाणीही न टिकणे, लघवी कमी होणे, उठताना भोवळ किंवा बोलण्यात असंबद्धपणा यांपैकी काहीही दिसल्यास वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

अन्न टाकणे आपल्या वडीलधाऱ्यांच्या जिवावर येते. ज्यांनी टंचाईचे दिवस पाहिले, त्यांना ‘टाका’ म्हणणे म्हणजे त्यांच्या संस्कारांनाच नावे ठेवणे वाटते. म्हणून शुक्रवारी आजींच्या हातातून पातेले काढून घेण्यापेक्षा रविवारी दुपारी त्यांच्याशेजारी उभे राहून चार डबे भरावेत आणि चिकटपट्टीवर तारीख त्यांच्याच हातून लिहून घ्यावी. मग टाकण्याची वेळ येत नाही आणि बुधवारचा रस्साही निर्धास्तपणे पानात पडतो.